डोळे आणि ऊन (लेखांक 4): कडेने शिरणारे किरण

मेच्या मध्यावर सकाळी नऊच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेल्या लाँचच्या वरच्या डेकवर बसलात, तर सूर्य डाव्या हाताला, क्षितिजापासून साधारण 40 अंशांवर असतो. दुपारी चारला परत निघालात तरी तो पुन्हा डावीकडेच आणि जवळपास तितक्याच उंचीवर असतो. मधल्या वेळेत तो थेट डोक्यावर येतो, कारण मेच्या मध्याला रेवसच्या अक्षांशावर मध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होते. अंगाला सर्वांत जास्त भाजते ते याच वेळी. डोळ्यांचा हिशेब मात्र थोडा वेगळा आहे.

भरदुपारी कपाळाचे हाड, भुवया आणि आपोआप बारीक होणाऱ्या पापण्या डोळ्यावर सावली धरतात. सूर्य कलला की ही सावली सरकते. जपानमधल्या कानाझावा इथे पुतळ्याच्या डोळ्यांत संवेदक बसवून अतिनील किरण मोजले गेले. हिवाळा सोडला तर डोळ्यावर पडणाऱ्या किरणांची दोन शिखरे दिसली, एक सकाळी आणि एक दुपार कलल्यावर, सूर्य साधारण 40 अंशांवर असताना. रेवसच्या मेमध्ये याच वेळा नऊ आणि चार अशा येतात. म्हणून ‘अकरा ते तीन उन्हात जाऊ नका’ हा सल्ला त्वचेसाठी योग्य असला, तरी होडीवर काम करणाऱ्याच्या डोळ्यांसाठी अपुरा आहे.

दर्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा नीट अभ्यास अमेरिकेत, चेसापीक उपसागरातल्या मच्छीमारांवर झाला. 838 जणांपैकी प्रत्येकाने आयुष्यभर किती तास, कोणत्या ऋतूत आणि टोपी-चष्म्यासह की त्यांच्याविना काम केले, याचा हिशेब मांडला गेला. 1988 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : अतिनील ‘बी’ किरणांचा एकूण साठा दुप्पट झाला की मोतीबिंदूच्या एका प्रकाराचा, म्हणजे भिंगाच्या बाहेरच्या थरात कडेकडून आत सरकणाऱ्या प्रकाराचा, धोका 1.6 पट होतो. भिंगाच्या गाभ्यात होणाऱ्या मोतीबिंदूशी मात्र या किरणांचा संबंध आढळला नाही. तेव्हा गॉगल लावला की मोतीबिंदू टळतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. एका प्रकाराचा धोका कमी होतो, एवढे खात्रीने म्हणता येते.

उन्हाची दुसरी खूण आरशातही दिसते. वर्षानुवर्षे उघड्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून काळ्या बुबुळाकडे सरकणारा मांसल पापुद्रा येतो, आणि तो बहुतेक वेळा नाकाकडच्या कोपऱ्यातूनच येतो. नाकाच्या बाजूने ऊन तर येत नाही, मग असे का? ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी याचे कारण दाखवले. कानाच्या बाजूने तिरपा येणारा किरण बुबुळावरच्या पारदर्शक घुमटातून वळतो आणि पलीकडच्या, नाकाजवळच्या कडेवर एकवटतो. भिंगाने कागदावर ऊन गोळा करावे तसेच हे घडते. उलट दिशेने येणारा किरण नाकच अडवते, म्हणून बाहेरचा कोपरा बहुधा वाचतो. लाँचमध्ये डावीकडून ऊन येत असेल, तर डाव्या डोळ्याचा आतला कोपरा तापतो.

हे लक्षात घेतले की चष्म्याच्या दुकानात काचेआधी फ्रेम पाहावी लागते. 1980च्या दशकात मोजून पाहिले तेव्हा तोच गॉगल कपाळापासून फक्त 6 मिलिमीटर पुढे सरकताच डोळ्यापर्यंत पोहोचणारे किरण अनेक पटींनी वाढले. नाकावरून घसरणारा, चिंचोळ्या काचांचा, बारीक दांड्यांचा गॉगल कितीही महाग असला तरी इथे निरुपयोगी. चेहऱ्याभोवती वळणारी फ्रेम किंवा रुंद दांडी हवी. घालून पाहताना मान सरळ ठेवून आरशात पाहा : भुवईच्या वर आणि कानशिलापाशी मोठी फट दिसते का? सोबत रुंद काठाची टोपी असली तर डोळ्यावर येणारे किरण साधारण निम्मे होतात. नुसत्या पुढच्या टोकाच्या कॅपने बाजू उघडीच राहते.

आता गॉगलवरची चिकटपट्टी. त्यावर बहुधा चार गोष्टी असतात : यूव्ही 400, कॅट 3, पोलराइज्ड आणि ब्लू कट. पहिली खरी महत्त्वाची. 400 नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळेच अतिनील किरण अडवले जातात, असा तिचा दावा असतो. युरोपीय मानकाची मोजणी 380पर्यंतच जाते, म्हणून यूव्ही 400 हे त्याहून कडक. दुसरी फक्त काळेपणा सांगते. तिसऱ्या वर्गाची काच 8 ते 18 टक्के उजेड आत सोडते, आणि किनाऱ्यावरच्या उन्हाला ती पुरते. चौथा वर्ग त्याहून गडद, तो घालून गाडी चालवायची नसते. काळेपणाचा अतिनील संरक्षणाशी संबंध नाही. उलट संरक्षण नसलेल्या गडद काचेमागे बाहुली मोठी होते आणि डोळे बारीक होत नाहीत, म्हणजे शरीराची स्वतःची ढालही जाते. पोलराइज्ड काच पाण्यावरची चकाकी कापते. तांडेलाला त्याने खूप फरक पडतो, पण अतिनील किरण त्याने अडतीलच असे नाही. शिवाय काही जीपीएसचे पडदे तिच्यातून तिरपे पाहिले तर काळे दिसतात, म्हणून घेण्याआधी आपल्याच यंत्रावर पाहून घ्यावे.

पट्टी खोटी असू शकते. नीट उपकरण असलेल्या चष्मावाल्याकडे काच मोजून मिळते. घरी करायचे तर नोट तपासायची अतिनील बॅटरी घ्या. तिच्या उजेडात नोटेवरचे क्रमांक चमकतात. मध्ये काच धरल्यावर ती चमक जवळजवळ विझली पाहिजे. मात्र बॅटरी 365 नॅनोमीटरची हवी. स्वस्त बॅटऱ्या 395च्या आसपास प्रकाश टाकतात आणि त्यांचा दिसणारा जांभळा उजेड चांगल्या काचेतूनही थोडा झिरपतो, त्यामुळे निकाल संदिग्ध येतो.

राहिली चौथी गोष्ट, ब्लू कट. हीच दुकानात सर्वांत जोर लावून विकली जाते. विक्रेता जांभळ्या लेझर पेनचा ठिपका कार्डावर पाडतो, मध्ये काच धरतो, ठिपका गायब होतो. प्रयोग खरा असतो, पण तो भलतीच गोष्ट सिद्ध करतो. ते पेन साधारण 405 नॅनोमीटरचे असते. मोबाइलच्या पडद्याचा निळा प्रकाश मुख्यतः 450च्या आसपास असतो आणि तिथे ही पारदर्शक काच फार थोडा भाग अडवते. अशा काचा एकंदर निळ्या प्रकाशाचा साधारण 10 ते 25 टक्के भागच गाळतात. शिवाय पडद्यातून येणारा निळा प्रकाश उघड्या आकाशातून येणाऱ्यापुढे नगण्य आहे.

ब्लू कटचा उपयोग होतो का, याचेही उत्तर आहे. 2021मध्ये 120 संगणक वापरणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत कोणाला ब्लू कट आणि कोणाला साधी काच मिळाली हे त्यांना ठाऊक नव्हते. डोळ्यांच्या थकव्यात फरक दिसला नाही. 2023च्या कॉक्रेन आढाव्यात सहा देशांतल्या 17 चाचण्या तपासल्या गेल्या. निष्कर्ष तोच : थकवा कमी होण्याच्या दृष्टीने बहुधा फायदा नाही, झोपेबाबत निकाल एकसारखे नाहीत, आणि दृष्टिपटलाचे रक्षण होते का हे या चाचण्यांनी तपासलेच नाही. चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या होत्या, ही मर्यादा आढावाकर्त्यांनीही नोंदवली आहे. या काचा अतिनील किरण चांगले अडवतात, हा त्यांचा खरा गुण. पण तो साध्या पॉलिकार्बोनेटच्या काचेतही जवळपास तितकाच असतो.

म्हणून रेवसच्या जेट्टीवर रोज तासन्‌तास उभे राहणाऱ्याने ब्लू कटसाठी मागितलेले जादा पैसे रुंद दांडीच्या, चेहऱ्याला लागून बसणाऱ्या फ्रेमवर खर्चावेत. पडद्यापुढे डोळे शिणतात ते बहुतांशी पापण्या कमी लवल्याने. त्याबद्दल पुढच्या लेखांकात.