नवरात्रीच्या नऊ रंगांचं टेम्पलेट बंडल: बनवायचं कसं आणि खरंच विकतं कुठे?

"एकदा डिझाइन करा, झोपेतही पैसे कमवा." असं सांगणारा एखादा रील तुमच्याही फीडमध्ये आला असेलच. त्यात सांगतात की कॅनव्हावर सोशल मीडिया पोस्टची पन्नास टेम्पलेट्स बनवा, त्यांचं बंडल करा आणि ऑनलाइन विकायला ठेवा. छोटे दुकानदार ते विकत घेतील, आपलं नाव आणि फोटो टाकतील आणि पोस्ट करतील.

ऐकायला सोपं आहे. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरातला छोटा दुकानदार असं बंडल खरंच विकत घेतो का? आणि तो घेत नसेल, तर मग घेतं कोण?

हे समजून घ्यायला एकच उदाहरण धरू. माझी मावशी सिडकोत घरूनच साड्या विकते. तिचं दुकान म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, एक इन्स्टाग्राम अकाउंट आणि दिवाणखान्यातलं एक कपाट. वर्षातला तिचा सगळ्यात धावपळीचा काळ म्हणजे नवरात्र, कारण आजचा रंग कोणता आणि त्या रंगाची साडी कोणती, ही पोस्ट सकाळी सातच्या आत पडली नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाच्या स्टेटसवर जातं. म्हणून मी तिच्यासाठी नऊ रंगांचं एक बंडल बनवलं.

पहिलं बंडल का फसलं?

मी नऊ पोस्ट बनवल्या. प्रत्येकीची पार्श्वभूमी त्या दिवसाच्या रंगाची आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं. लॅपटॉपवर सुंदर दिसत होतं.

पहिली अडचण रंगांचीच. नवरात्रीचे रंग दरवर्षी तेच असले तरी क्रम बदलतो, कारण तो वारावर ठरतो. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी. उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांपैकी रंग येतात. २०२४ मध्ये घटस्थापना गुरुवारी होती, म्हणून पहिला रंग पिवळा. २०२५ मध्ये ती सोमवारी आली आणि पहिला रंग पांढरा झाला. "पहिली माळ, पिवळा रंग" असं चित्रातच कोरून ठेवलं, तर ते बंडल पुढच्या वर्षी रद्दीत जातं.

दुसरी अडचण वाचण्याची. सोनेरी अक्षरं लाल रंगावर उठून दिसतात, पण पांढऱ्या आणि पिवळ्यावर गायब होतात. मग मावशीनं अक्षरांचा रंग बदलायला घेतला आणि त्या नादात सगळी मांडणीच हलली.

यावर उपाय साधा निघाला. दिवसाचा रंग फक्त बाहेरच्या चौकटीला द्यायचा. मधे साडीचा फोटो आणि खाली फिकट मलईरंगाची एक पट्टी, तिच्यावर गडद मरून अक्षरं. बाहेर कोणताही रंग आला तरी पट्टीवरचा मजकूर वाचता येतो. आता मावशीला पोस्टमागे चारच गोष्टी बदलायच्या असतात: चौकटीचा रंग, फोटो, माळेचा क्रमांक आणि किंमत.

एडिट करता येणारं टेम्पलेट म्हणजे सगळं बदलता येणारं टेम्पलेट, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात जितकं कमी बदलावं लागेल तितकं ते वापरलं जातं. म्हणून जे हलायला नको (पट्टी, नक्षी, दुकानाच्या नावाची जागा) ते कॅनव्हात लॉक करून ठेवायचं. विकत घेणारा हवं तर लॉक काढू शकतो, पण फोटो सरकवताना अंगठा लागून पट्टी तरी निसटत नाही.

फोन, फॉन्ट आणि शहराचं नाव

आपण डिझाइन करतो लॅपटॉपवर आणि ते उघडलं जातं बजेट फोनवर, कॅनव्हाच्या मोफत खात्यातून. मोफत खातं हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या चित्रावर किंवा नक्षीवर मुकुटाचं चिन्ह असतं, ती प्रो खात्याची वस्तू. ती तुमच्या टेम्पलेटमध्ये राहिली, तर मोफत खातेवाल्याला तिच्यावर वॉटरमार्क दिसतो आणि तो काढायला त्याला पैसे मागितले जातात. मग फोन तुम्हालाच येतो. त्यामुळे विकण्याआधी दुसऱ्या, मोफत खात्यातून, दुसऱ्याच्या फोनवर सगळं एकदा उघडून बघायचं. आकार बदलून देणारी सोयही प्रो खात्यातच आहे. म्हणून इन्स्टाग्राम पोस्ट (१०८० × १३५०) आणि स्टेटस (१०८० × १९२०) असे दोन्ही आकार आपणच बनवून द्यायचे. स्टेटसमध्ये वरखाली साधारण अडीचशे पिक्सेल मोकळे सोडायचे, नाहीतर किंमत नेमकी रिप्लायच्या जागेखाली लपते.

मराठी फॉन्टची परीक्षा वेगळी. कॅनव्हात मुक्ता, बलू, पॉपिन्स यांसारखे देवनागरी चालणारे फॉन्ट आहेत. फॉन्ट निवडण्याआधी त्यात एक ओळ टाइप करून बघा: "दुसऱ्या साडीवर सूट, फक्त ₹१,४९९, नवरात्रीच्या हार्दिक शुभेच्छा". "ऱ्या" नीट जुळला, "र्दि"चा रफार आणि वेलांटी कापली गेली नाही आणि रुपयाच्या चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन आला नाही, तर फॉन्ट पास. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवावं लागतं, कारण आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतो.

प्रिंटिंगच्या दुकानातून जुना मजकूर उचलणार असाल, तर तो बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. कॅनव्हात पेस्ट केला की त्याची अगम्य चिन्हं होतात. तो सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा.

आणि एक आपल्या गावची गंमत. २०२३ मध्ये नाव बदललं आणि पत्त्याच्या चौकटी अपुऱ्या पडल्या. "औरंगाबाद" जिथे आरामात मावायचं, तिथे "छत्रपती संभाजीनगर" दोन ओळींत जातं आणि खालचा मोबाइल नंबर ढकलतं. म्हणून पत्त्याची जागा नेहमी सगळ्यात लांब नाव टाकूनच आखायची. दुकानाच्या नावाचंही तसंच.

लिंक देताना होणारी चूक

कॅनव्हात शेअर करताना एडिटची लिंक वेगळी असते आणि `Template link` वेगळी. दुसरी लिंक उघडणाऱ्याला त्याची स्वतःची प्रत मिळते. चुकून पहिली दिली, तर गिऱ्हाईक तुमच्या मूळ फाइलमध्येच काम करतं. सकाळी फाइल उघडल्यावर तुमच्या डिझाइनमध्ये कुणा अनोळखी दुकानाचं नाव दिसलं, तर काय झालं ते समजून जा.

कॅनव्हाच्या नियमांची एक गोष्टही आधीच माहीत हवी. तुम्ही स्वतः रचलेलं टेम्पलेट लिंकच्या स्वरूपात विकता येतं. कॅनव्हाचं तयार टेम्पलेट घेऊन रंग बदलून विकता येत नाही.

लिंकला कुलूप मात्र नाही. एकानं घेतली आणि ग्रुपवर टाकली, तर ती सगळ्यांची होते. लिंक बंद करता येते, पण मग ज्यांनी पैसे दिले त्यांचीही बंद होते.

मग विकतं कुठे?

रीलमध्ये दाखवतात ते बहुतेक वेळा एट्सी. तिथला खरेदीदार मुख्यतः परदेशातला. तो इंग्रजीत, आपल्या धंद्याचं नाव टाकून शोधतो: नेल सलून, बेकरी, प्रॉपर्टी एजंट. नऊ रंगांचं मराठी बंडल तिथे शोधायला कुणी येत नाही. एट्सीवर विकायचं तर माल त्या बाजाराचा बनवावा लागतो. खर्चही धरा. एक वस्तू चार महिने मांडायला ०.२० डॉलर लागतात आणि ती विकली गेली की पुन्हा मांडायला तेवढेच. विक्रीवर साडेसहा टक्के वेगळे. शिवाय पेमेंटचं शुल्क. गिऱ्हाईक एट्सीनं बाहेर केलेल्या जाहिरातीतून आलं, तर छोट्या दुकानाचे आणखी १५ टक्के जातात, म्हणजे दहा डॉलरच्या बंडलमधले दीड डॉलर. छोट्या दुकानांना ही सोय बंद करता येते, हे अनेकांना माहीत नसतं.

गमरोडसारख्या ठिकाणी विक्रीमागे दहा टक्के आणि अर्धा डॉलर कापला जातो. ते मुख्यतः काउंटर आहे, गर्दी तुमची तुम्ही आणायची. इन्स्टामोजो किंवा साध्या पेमेंट लिंकचंही तेच. तुमचे फॉलोअर साडीवाले, फराळवाले असतील तर विक्री होईल. फॉलोअर इतर डिझायनर असतील तर फक्त लाइक येतील.

बाकी देशी बाजारात "९९ रुपयांत ५,००० टेम्पलेट्स" असे सौदे आधीच फिरतायत. त्यांच्याशी संख्येत स्पर्धा करण्यात अर्थ नाही. मावशीकडेही असं एक बंडल होतं. त्यातली सगळी मॉडेल्स गोऱ्या मुली आणि सगळ्या ऑफर इंग्रजीत. तिनं एकही वापरलं नाही.

मग गुलमंडी, पैठण गेटचा दुकानदार काय विकत घेतो? माझा अनुभव असा की तो टेम्पलेट विकत घेत नाही, भरलेलं टेम्पलेट घेतो. समजा बंडल २९९ रुपयांचं आहे. घेतलेल्या दहा जणांपैकी निम्मे तरी विचारतात, "तुम्हीच नाव टाकून द्या ना." प्रत्येकाला वीस मिनिटं फोनवर समजावलं, तर त्या २९९ मध्ये परवडत नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन दर सांगितलेले बरे: नुसती लिंक २९९ आणि दुकानाचं नाव, नंबर, लोगो भरून ९९९. दुसऱ्या दराचं काम झोपेत होत नाही हे खरं, पण आपल्याकडे पैसे तिथेच आहेत.

याहून मोठं गिऱ्हाईक म्हणजे ठोक विक्रेता. त्याच्या हाताखाली मावशीसारख्या कितीतरी जणी त्याच साड्या पुढे विकतात. त्यानं एक बंडल घेऊन सगळ्यांना वाटलं, तर पोस्ट चांगल्या पडतात आणि माल त्याचाच खपतो. त्याला ते २९९ ला देऊ नका. "एक दुकान" आणि "तुमच्या सगळ्या रीसेलर" असे वेगळे दर ठेवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून ठेवा. लिंक पुढे जाणारच असेल, तर ती जाण्याचेच पैसे घेतलेले बरे.

राहिली वेळ. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बंडल विकायला काढलं, तर साडीवाल्याला फोन बघायलाही फुरसत नसते. त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. खरेदी थंड असते आणि दुकानदार निवांत असतो. मावशीनं गेल्या वेळी त्याच दिवसांत साड्यांचे फोटो काढून चौकटीत बसवून ठेवले. फक्त राखाडी साडी तिच्याकडे नव्हती, ती तिनं शेजारणीकडून फोटोपुरती आणली.