सॉफ्टवेअर विक्री : ग्राहक शोधला एकाने, बिल फाडले दुसऱ्याने, भागीदार योजनेत ‘डील नोंदणी’ का लागते

देशातील लहान व मध्यम उद्योगांना लागणारे लेखा, बिलिंग किंवा साठा व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर अनेकदा कंपनीकडून थेट घेतले जात नाही. ते गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या विक्रेत्यामार्फत येते. बंगळुरूच्या टॅली सोल्यूशन्ससारख्या कंपन्यांचा विस्तार अशाच विक्रेत्यांच्या जाळ्यातून झाला आहे. या विक्रेत्यांना व्यवहारात ‘पार्टनर’ अथवा भागीदार म्हणतात. ते कायद्याच्या अर्थाने कंपनीचे भागीदार नसतात. सवलतीच्या दराने परवाना विकत घेऊन तो ग्राहकाला विकणारे स्वतंत्र व्यावसायिक असतात.

नवी सॉफ्टवेअर कंपनी अशी योजना आखताना प्रथम एकच प्रश्न विचारते : मार्जिन किती द्यायचे? मात्र किती यापेक्षा कशासाठी, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. सर्वांना सरसकट समान मार्जिन दिल्यास मेहनत करणारा विक्रेताच बाजारातून बाहेर फेकला जाऊ शकतो.

सरसकट मार्जिनचा परिणाम

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. तिरुप्पूर येथील एका होजिअरी कारखान्याला वीस जणांनी वापरायचे सॉफ्टवेअर हवे आहे. त्याची छापील किंमत जीएसटी वगळून १ लाख रुपये असून कंपनी सर्व विक्रेत्यांना २५ टक्के मार्जिन देते. म्हणजे प्रत्येक विक्रेत्याची खरेदी किंमत ७५ हजार रुपये होते.

तिरुप्पूरचा विक्रेता कारखान्यात तीन वेळा जातो, गरज समजून घेतो, कारखान्याच्याच नमुना बिलांवर दोनदा प्रात्यक्षिक दाखवतो. त्याचा वेळ व प्रवास धरून १२ हजार रुपये खर्च होतात. खरेदीचा निर्णय होताच कारखानदार कोइम्बतूरच्या दुसऱ्या विक्रेत्याला दूरध्वनी करून दर विचारतो. काहीच खर्च न केलेला हा विक्रेता ८० हजार रुपये सांगतो. त्यातही त्याला ५ हजार सुटतात. पहिल्याने तोच दर दिल्यास त्याच्या हाती ५ हजार येतात आणि १२ हजारांचा खर्च वजा जाता ७ हजारांचा तोटा होतो. असा अनुभव दोन-तीनदा आला, की तो प्रात्यक्षिके दाखवणे सोडतो आणि दराच्या चौकशीची वाट पाहत बसतो. नवे ग्राहक शोधणारे मग कोणीच उरत नाही.

मार्जिनचे दोन भाग

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे मार्जिन विभागणे. समजा, मूळ मार्जिन १२ टक्के ठेवले आणि ग्राहकाची आगाऊ नोंद करून कंपनीची मान्यता मिळवणाऱ्याला आणखी १३ टक्के दिले. कंपनीचा एकूण भार तेवढाच राहतो; परंतु कोइम्बतूरच्या विक्रेत्याची खरेदी किंमत आता ८८ हजार रुपये होते. त्याखाली त्याला उतरता येत नाही. तिरुप्पूरच्या विक्रेत्याची खरेदी किंमत ७५ हजारच असल्याने ८८ हजारांना विकूनही त्याला १३ हजार मिळतात आणि खर्च भरून निघतो. सौदा ९५ हजारांना झाला, तर खर्च वजा जाता ८ हजार उरतात.

येथे एक कायदेशीर मर्यादा आहे. कंपनी विक्रेत्याची खरेदी किंमत ठरवू शकते. त्याने ग्राहकाला किती सवलत द्यावी यावर बंधन घालणे मात्र धोक्याचे ठरते. स्पर्धा कायदा, २००२ नुसार स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम करणारे असे बंधन निषिद्ध आहे. डीलरांच्या सवलतींवर नियंत्रण ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. म्हणूनच नोंदणीच्या नियमांत ‘अमुक दराखाली विकू नये’ असे कलम नसावे. दुसऱ्या विक्रेत्याला विक्रीची मनाईही त्यासाठी आवश्यक नसते; खरेदी किमतीतील फरक पुरेसा असतो.

नोंद कशी करावी

केवळ ग्राहकाचे नाव लिहून घेणे पुरत नाही. एकच कारखाना दोन विक्रेते दोन वेगळ्या स्पेलिंगने नोंदवतात आणि वाद उभा राहतो. जीएसटी क्रमांक घेतला तरी पेच उरतो, कारण एकाच कंपनीला प्रत्येक राज्यात वेगळा क्रमांक मिळतो. या पंधरा अक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे असतात. तमिळनाडूसाठी ३३, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे म्हणजे कंपनीचा पॅन. तो सर्व राज्यांत एकच असल्याने जुळणी या दहा अक्षरांवर करणे सोयीचे ठरते. त्यामुळे तिरुप्पूरच्या कारखान्याची मुंबई शाखा दुसऱ्या विक्रेत्याने नोंदवली, तरी ते लगेच ध्यानात येते.

अर्जात ग्राहकाकडील निर्णय घेणारी व्यक्ती, भेटीची तारीख, वापरकर्त्यांची संख्या आणि खरेदीचा अपेक्षित महिना एवढा तपशील पुरेसा असतो. कंपनीने दोन कामकाजी दिवसांत होकार वा सकारण नकार कळवावा. मान्यतेची मुदत ९० दिवस आणि कामाचा पुरावा दिल्यास ३० दिवसांची एकच वाढ, अशी रचना व्यवहार्य ठरते.

प्रशिक्षणाचा संबंध

वाढीव मार्जिन हा कामाचा मोबदला असेल, तर ते काम करण्याची पात्रताही तपासावी लागते. म्हणून नोंदणीचा अधिकार प्रशिक्षित माणूस असलेल्या विक्रेत्यालाच दिला जातो. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांपुरती ठेवल्यास ती पाठांतराने पार पडते. त्याऐवजी नमुना कंपनी उघडणे, जुना साठा आणि येणी-देणी भरणे, एक चुकीचे बिल दुरुस्त करणे अशी कामे करून घेतल्यास खरी तयारी कळते. प्रमाणपत्र संस्थेला नव्हे, व्यक्तीला द्यावे. कारण प्रशिक्षित कर्मचारी नोकरी सोडून गेला, की दुकानावरील पाटी तेवढी उरते. बदली व्यक्ती तयार करण्यासाठी विक्रेत्याला ठरावीक मुदत द्यावी लागते.

प्रशिक्षण कमी पडत असल्याची खूण कंपनीच्या मदत केंद्रात दिसते. एखाद्या विक्रेत्याचे नवे ग्राहक पहिल्या दोन महिन्यांत प्राथमिक प्रश्नांसाठी सतत कंपनीलाच फोन करत असतील, तर मार्जिन विक्रेत्याला आणि काम कंपनीला, अशी स्थिती झालेली असते.

योजना कुठे फसते

काही विक्रेते औद्योगिक वसाहतीची यादी हाती घेऊन सरसकट नावे अडवून ठेवतात. नोंदी भरपूर, पण विक्री नगण्य, हे त्याचे लक्षण. तीस दिवसांत भेट वा प्रात्यक्षिकाची नोंद न झाल्यास मान्यता आपोआप रद्द करणे, हा त्यावरचा उपाय आहे.

दुसरा धोका कंपनीच्या आतच असतो. नोंदवलेल्या ग्राहकाकडे कंपनीचाच विक्री अधिकारी थेट गेला, तर विक्रेते नोंदणी बंद करतात, कारण आपलीच माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाते असा त्यांचा समज होतो. कंपनीच्या थेट चौकशाही त्याच नोंदवहीत तारखेनिशी चढवाव्या लागतात आणि विक्रेत्यामार्फत झालेला सौदाही त्या अधिकाऱ्याच्या लक्ष्यात धरावा लागतो.

सरकारी निविदांमध्ये ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तेथे अनेक विक्रेते बोली लावतात आणि त्यांना उत्पादक कंपनीचे अधिकारपत्र लागू शकते. ते एकालाच दिल्यास बोलीतील स्पर्धा आटते. त्यामुळे निविदांसाठी वेगळा नियम योजनेच्या करारातच आधी लिहून ठेवणे इष्ट ठरते. बोली उघडल्यानंतर केलेला नियम कोणत्याच विक्रेत्याला निष्पक्ष वाटत नाही.