डॅनिश मावशीला थँक यू म्हणताना

डेन्मार्कमध्ये एप्रिल-मे महिन्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या मागे एकच लकडा लागलेला असतो: आभाराची कार्डं लिहिलीस का? हा कन्फर्मेशनचा हंगाम. सातवी-आठवीतली मुलं चर्चमध्ये पाद्र्यासमोर उभी राहून लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याला स्वतःची संमती देतात. ख्रिश्चन सहावा या राजाने 1736 साली हा विधी सक्तीचा केला होता. आता सक्ती नाही, पण समारंभ जोरात होतो. चर्चमध्ये न जाणाऱ्या घरांतही बऱ्याचदा त्याच सुमारास मोठी पार्टी असते आणि तिला गमतीने ‘नॉनफर्मेशन’ म्हणतात.

या पार्टीत नातेवाईक भाषणं करतात आणि एखाद्या ओळखीच्या चालीवर उत्सवमूर्तीची थट्टा करणारं गाणं रचून आणतात. त्याच्या छापील प्रती सगळ्यांना वाटल्या जातात आणि अख्खं टेबल ते गातं. आपल्याकडे केळवणात उखाण्यावरून जशी खेचाखेची चालते, तशीच ही. भेटवस्तू एका वेगळ्या टेबलावर जमा होतात आणि अनेक घरांत त्या पाहुणे गेल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी उघडल्या जातात. एरवी डेन्मार्कमध्ये वाढदिवसाची भेट देणाऱ्यासमोरच उघडायची, आनंद दाखवायचा, मिठी मारायची, की आभार पूर्ण. कन्फर्मेशनला ती सोय राहत नाही. मावशी आपल्या गावी निघून गेलेली असते आणि तिने आणलेलं पाकीट नंतर फाडलं जातं. म्हणून कार्ड लागतं.

पार्टीनंतरच्या काही आठवड्यांत ते जावं अशी अपेक्षा असते. बहुतेक घरं फोटो असलेली कार्डं छापून घेतात. आत मजकूर असतो: ‘माझ्या कन्फर्मेशनच्या निमित्ताने दाखवलेल्या आपुलकीबद्दल मनःपूर्वक आभार.’ हे वाक्य डेन्मार्कमध्ये पिढ्यानपिढ्या छापलं जातंय. शेजारच्या आजोबांना आणि बाबांच्या ऑफिसातल्या माणसाला ते चालून जातं. सख्ख्या मावशीला मात्र तेवढंच पाठवलं, तर तिला रांगेत उभं केल्यासारखं वाटतं. छापील ओळीखाली हाताने लिहिलेली चार-पाच वाक्यं हवीत आणि खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण पेन हातात घेतलं की मुलं एकदम म्हाताऱ्यांसारखं लिहायला लागतात.

त्याआधी मायना. कुठल्या आत्या-मावशीला लिहायचंय, हे डॅनिश माणसालाही आपल्यासारखंच पाहावं लागतं. आईची बहीण ‘मोस्टर’, वडिलांची बहीण ‘फास्टर’. काका-मामाच्या बायकोला ‘टांटे’ म्हणतात. काही घरांत टांटे सगळ्यांनाच चालतं, पण जिला जन्मभर मोस्टर म्हटलंय तिला कार्डावर टांटे लिहिलं, तर ते लगेच खटकतं. इंग्रजीतून विचार करून डॅनिश लिहिणाऱ्यांची पहिली चूक हीच होते. मराठी मुलाची ती होणार नाही. आत्या आणि मावशी यांत गल्लत केल्यावर काय होतं, हे त्याला घरीच कळलेलं असतं.

संबोधनाचंही तसंच. डेन्मार्कमध्ये 1970च्या दशकापर्यंत आदरार्थी सर्वनाम जवळजवळ गळून गेलं आणि आज शिक्षक, डॉक्टर, मंत्री सगळे ‘डू’, म्हणजे तू. आदरार्थी ‘डी’ उरलंय ते राजघराण्यापुरतं आणि काही अतिऔपचारिक पत्रांपुरतं. मावशीला ‘डी’ लिहिणं म्हणजे तिच्याशी भांडण झाल्याचं जाहीर करणं. हे ऐकून परदेशी माणूस बिचकतो, पण आपण तरी मावशीला कुठे अहो-जाहो करतो? ‘ए मावशी, तू कधी येणार?’ हाच सूर डॅनिश कार्डाचा. काका-मामाला ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या मराठी घरातसुद्धा आत्या-मावशीला ‘तू’च असते.

आता एक कार्ड प्रत्यक्षच पाहू. समजा, मुलगी ऑर्हुसची, चौदा वर्षांची. मोस्टर राहते बॉर्नहोल्मला, म्हणजे देशाच्या पार पूर्वेला, बाल्टिक समुद्रातल्या बेटावर, जिथून ती बोटीने येते. मोस्टरने स्वतः विणलेला निळा स्वेटर दिला आणि पार्टीतलं गाणंही तिनेच रचलं. मुलीचा पहिला मसुदा असा:

‘प्रिय मावशी, तुझ्या अतिशय सुंदर भेटवस्तूबद्दल मी तुझी अत्यंत आभारी आहे. ही अमूल्य भेट मी आयुष्यभर जपून ठेवेन. तुझी मी सदैव ऋणी राहीन.’

यात स्वेटर कुठेच नाही. हेच कार्ड चमच्यांच्या सेटलाही चालेल आणि घड्याळालाही. मावशीला यातून एवढंच कळतं की आई शेजारी उभी होती. शिवाय डॅनिश कानाला मोठी विशेषणं ओढूनताणून आणल्यासारखी लागतात. तिथे ‘बरं आहे’ ही बऱ्यापैकी तारीफ असते. ‘आयुष्यभर जपेन’ असं चौदा वर्षांच्या मुलीने एका लोकरी स्वेटरबद्दल म्हटलं, तर मावशीला हसू येईल. पुढच्या वर्षी तो तिला आखूड होणार आहे, हे विणणारीला माहीत असतं.

दुसरा मसुदा:

‘प्रिय मावशी, स्वेटरसाठी हजार हजार थँक्स! मला तो खूप आवडलाय. बाह्या बरोब्बर मनगटापर्यंत आल्यात, तुला माप कसं कळलं? मंगळवारी शाळेत घालून गेले तर दोघींनी विचारलं, कुठल्या दुकानातून घेतलास. तू एवढ्या लांबून बोटीने आलीस याचा मला भारी आनंद झाला. आणि मी बंदरात पाण्यात पडले होते ते कडवं बाबा अजून गुणगुणतायत, त्यांना प्लीज थांबव! जुलैत आम्ही तुझ्याकडे येतोय, तेव्हा संध्याकाळी समुद्रावर हाच स्वेटर घालीन. तुला घट्ट मिठी.’

‘हजार थँक्स’ हे डॅनिशमधलं रोजचंच बोलणं, ‘टुसिन टाक’. नुसतं ‘टाक’ तिथे कॉफी मागतानाही म्हणतात, कारण ‘प्लीज’साठी वेगळा शब्द नसल्याने तेही काम ‘टाक’च करतो. भेटीसाठी म्हणून एक पायरी वर जायचं आणि लगेच वस्तूचं नाव घ्यायचं. ‘आवडलाय’ या जागी डॅनिश मुलगी बहुधा ‘याय एर सो ग्लाद फॉर देन’ लिहील, म्हणजे ‘त्यामुळे मी खूप खूश आहे’. प्रेम करते असं क्रियापद हल्ली मुलं वस्तूंनाही लावतात, पण जुन्या पिढीला ते जड वाटतं. मावशीच्या पिढीला ‘खूश’ पुरतं. मध्ये एखादा ‘मेगा’ आला तरी चालतो; चौदा वर्षांची मुलगी तसंच बोलते आणि मावशीला तेच ऐकायचं असतं.

पण कार्डाला वजन येतं ते बाह्यांच्या वाक्याने. विणणाऱ्या बाईची सगळी धास्ती मापाची असते. महिनोन्‌महिने भाचीला न पाहता तिने टाके मोजलेले असतात. बाही मनगटापर्यंत आली ही बातमी तिला दहा विशेषणांपेक्षा जास्त हवी असते. देणाऱ्याच्या मनात कसली शंका असेल ते ओळखायचं आणि तिचं उत्तर द्यायचं. पुस्तक दिलं असेल तर कितव्या पानावर आहेस ते सांग. सायकलचा दिवा दिला असेल तर तो लावून कुठे गेलीस ते सांग.

शेवटच्या ओळीत ‘क्नूस’, म्हणजे मिठी, किंवा ‘केअर्ली हिल्सन’, म्हणजे सप्रेम. मुलं फोनच्या सवयीने याचं ‘KH’ करून टाकतात. मेसेजमध्ये ठीक आहे, कार्डावर दोन शब्द पूर्ण लिहावेत. ‘MVH’ मात्र मुळीच नको. ते ऑफिसच्या ईमेलचं ‘आपला विश्वासू’ आहे.

कन्फर्मेशनला पुष्कळदा पाकिटातून पैसेच येतात. पार्टीनंतरच्या सोमवारी, ज्याला तिथे ‘निळा सोमवार’ म्हणतात, वर्गातली मुलं मिळून शहरात भटकायला जातात, आणि त्यातले काही पैसे तिथेच संपतात. पैशांचे आभार मानणं स्वेटरपेक्षा अवघड, कारण नोटेला बाह्या नसतात. माझं मत असं की रक्कम लिहू नये, पैशांचं काय होणार ते लिहावं: ‘मी गिटारसाठी साठवतेय, आता थोडेच कमी पडतायत.’ अजून काही ठरलं नसेल तर तेही खरं सांगावं. खोटी गिटार लिहिली, तर मावशी नाताळात ती वाजवून दाखव म्हणते.

वस्तू बदलून घेतली तर? डेन्मार्कमध्ये यात लपवण्यासारखं काही नसतं. दुकानदार भेटीच्या वस्तूवर ‘बदल-चिठ्ठी’ चिकटवून देतात, तिच्यावर किंमत नसते, आणि नाताळ सरला की दुकानांत बदलणाऱ्यांच्या रांगा लागतात. चिठ्ठी लावून देणाऱ्या मावशीने परवानगीच दिलेली असते. अशा वेळी ‘तू दिलेलं जॅकेट मी एक साइज मोठं घेतलं, आता त्यात जाड स्वेटरही मावतो’ एवढं सरळ लिहावं. हाताने विणलेल्या वस्तूला अर्थातच ही सोय नाही.

सर्वांत वाईट घोटाळा शब्दांचा नसतोच. भेटी उघडताना चिठ्ठ्या सुटतात, कागद एकत्र फेकले जातात आणि दोन आठवड्यांनी आत्याच्या कानातल्यांसाठी मावशीला थँक यू जातं. म्हणून शहाणी आई उघडतानाच वही घेऊन बसते आणि कोणी काय दिलं ते टिपून ठेवते. कार्ड लिहून झालं की त्या नावापुढे खूण करायची.

कार्ड पोहोचवण्याची रीत अलीकडे बदलली आहे. 1624 पासून चालत आलेली सरकारी टपालसेवा पत्रांच्या बाबतीत संपली: ‘पोस्टनॉर्ड’ने 30 डिसेंबर 2025 रोजी डेन्मार्कमधली शेवटची पत्रं वाटली. त्यांच्या सुमारे दीड हजार लाल पेट्या त्याआधीच, जूनपासून उचलायला सुरुवात झाली होती. सन 2000 पासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली, हे त्याचं कारण. आता पत्रं नेण्याचं काम ‘डीएओ’ ही खासगी कंपनी करते. बरीच मुलं कार्डाचा फोटो काढून मेसेजनेच पाठवतात. मावशी स्मार्टफोनवाली असेल तर तेही चालतं. कागदी कार्ड मात्र फ्रिजवर लागतं आणि वर्षभर तिथे राहतं, म्हणून मी कागदाच्या बाजूने आहे.

कार्ड गेलं तरी डॅनिश रिवाजात आणखी एक आभार शिल्लक असतो. जुलैत बॉर्नहोल्मच्या धक्क्यावर मावशी भेटेल, तेव्हा ‘टाक फॉर सिस्ट’ म्हणायचं, म्हणजे मागच्या भेटीसाठी थँक यू. मागची भेट मे महिन्यातली असो की गेल्या नाताळातली, हे म्हणायला उशीर झाला असं होत नाही. त्यावर मावशी म्हणते, ‘सेल टाक’, तुलाही थँक यू.