जोखीम नोंदवहीतली एक ओळ
जोखीम नोंदवहीत धोका कारण आणि परिणामासकट लिहावा लागतो. चौघांची टीम दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचे ॲप बनवत असेल, तर ‘पेमेंटची अडचण’ ही नोंद निरुपयोगी ठरते. ‘कागदपत्रे अपुरी असल्याने पेमेंट गेटवेची मंजुरी लांबेल आणि ॲप ३ आठवडे उशिरा सुरू होईल’ ही नोंद कामाची. शक्यता ५ पैकी ४, परिणाम ४, म्हणून गुण १६. हे आकडे अंदाजाचेच. त्यांचा उपयोग क्रम लावण्यापुरता. जबाबदारी मात्र एकाच व्यक्तीच्या नावावर हवी.

धोका टाळणे, दुसऱ्याकडे सोपवणे, कमी करणे किंवा स्वीकारणे, यांपैकी इथे कमी करणे योग्य. कागदपत्रे पहिल्याच आठवड्यात दिली की शक्यता २ वर येते, गुण ८ होतात. मंजुरी अडलीच तर फटका तेवढाच बसतो. म्हणून सहाव्या आठवड्यापर्यंत मंजुरी न आल्यास पैसे दवाखान्यातच घेण्याचे आधीच ठरवून ठेवावे.