चौपट नफ्याच्या आत काय आहे?

मे २०२५ मध्ये आयटीसीचे जानेवारी-मार्च तिमाहीचे निकाल आले. एकत्रित निव्वळ नफा सुमारे १९,८०० कोटी रुपये, म्हणजे आदल्या वर्षीच्या जवळजवळ चौपट. पण सिगारेट, पीठ, कागद यांची विक्री चौपट झाली नव्हती.

कंपनीने १ जानेवारी २०२५ पासून हॉटेल व्यवसाय वेगळा केला होता. त्या व्यवसायाचे बाजारमूल्य आणि वहीतील किंमत यांतला फरक, सुमारे १५,००० कोटी, नफा म्हणून नोंदवावा लागला. त्यातून रोख रक्कम आली नाही आणि तो पुन्हा येणारही नाही. म्हणून निकालाच्या तक्त्यात ‘अपवादात्मक बाबी’ आणि ‘सुरू असलेल्या व्यवसायांचा नफा’ या ओळी शोधाव्यात. तिथे सुमारे ५,१५५ कोटी दिसतात. वर्षापूर्वी ५,१२० होते. खरी वाढ एक टक्क्याहूनही कमी.

तक्त्यात तीन तिमाह्यांचे रकाने शेजारी असतात: चालू, लगतची मागची आणि गेल्या वर्षीची तीच. एसी विकणाऱ्या कंपनीची एप्रिल-जूनची विक्री उन्हाळ्यामुळे फुगते. पावसाळ्याच्या तिमाहीशी तुलना केली तर घसरण दिसणारच. अशा हंगामी धंद्यात गेल्या वर्षीची तीच तिमाही पाहावी. मागच्या तिमाहीशी तुलना अलीकडचा कल सांगते, पण हंगाम वजा करूनच.

मात्र गेल्या वर्षीच्या आकड्यात एकवेळचा नफा असेल, तर यंदा धंदा उत्तम चालूनही मोठी घट दिसेल. म्हणून एकवेळच्या बाबी दोन्ही वर्षांतून वगळा, मगच टक्केवारी काढा.