बारापर्यंत परवानगी, पण कशाची?

गणपती जवळ आले की सोसायटीच्या फलकावर सूचना लागते: ‘सभासदांनी ध्वनिक्षेपकाचा आवाज मर्यादित ठेवून सहकार्य करावे.’ सूचना सभ्य खरी, पण मर्यादित म्हणजे किती आणि तो मोजायचा कुठे, हे ती सांगत नाही. मग रात्री कुणी तक्रार केलीच, तर उत्तर ठरलेले असते: ‘आज बारापर्यंत परवानगी आहे.’ या उत्तरात अर्धेच सत्य आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद हवा. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार तो १२ पर्यंत चालू देऊ शकते. ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल; रात्र १० वाजता सुरू होते, ती सवलतीच्या दिवशीही. खासगी आवारातल्या यंत्रणेचा आवाज आवाराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलने जास्त चालतो. म्हणजे कुंपणाच्या भिंतीशी दिवसा ६०, रात्री ५०.

आता हिशेब करून पाहू. मांडवातल्या स्पीकरपासून एक मीटरवर ९० डेसिबल आवाज आहे असे धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे १६ मीटरवरच्या भिंतीशी तो ६६ भरेल. समोरासमोर इमारती असतील तर भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे आणखी जास्त. दिवसाची मर्यादा पाळायची तर स्पीकरजवळ ८४ वर यावे लागेल, आणि १० नंतर ७४ वर, म्हणजे माणसे जरा मोठ्याने बोलतात त्याच्या आसपास. एवढ्यासाठी स्पीकर कशाला लावायचा, हा प्रश्न रास्तच आहे! बारापर्यंत आरती, भजन, गप्पा खुशाल चालू द्याव्यात. स्पीकर मात्र दहालाच बंद करावा, एवढे एक वाक्य सूचनेत असले की पुरते. मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे ॲप पुरावा म्हणून चालणार नाही, पण भिंतीशी उभे राहून अंदाज घ्यायला ठीक आहे. आकडा बरा दिसूनही खिडकीची काच थरथरत असेल, तर आधी बेस कमी करावा. कारण या मर्यादा ज्यात मोजतात, त्या ‘ए’ मापनात खर्जाचा आवाज कमी धरला जातो.

‘वर्षातून दहाच दिवस तर आहेत’ हा आक्षेप हलका नाही. पण नियमाने तो आधीच ऐकून घेतला आहे. १५ दिवसांची सवलत त्याचेच उत्तर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती कायमही ठेवली. ‘समोरचे मंडळ तर पहाटेपर्यंत वाजवते’ या म्हणण्यात तथ्य असेल, तर त्याची तक्रार पोलिसांकडे करता येते. आपल्या भिंतीशी मोजलेला आकडा त्याने बदलत नाही. श्रद्धेचा मुद्दा निघतोच. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे म्हटले आहे, आणि ते कुठल्याही एका धर्मापुरते नाही.