कोणते सदस्य? – हू, विच, दॅट आणि स्वल्पविरामांची जोडी

आमच्या भागातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या फलकावर इंग्रजीत सूचना लागली होती – 'द मेंबर्स, हू हॅव नॉट पेड द मेंटेनन्स, विल नॉट गेट पार्किंग.' सेक्रेटरींना सांगायचं होतं ते सरळ होतं. ज्यांचा मेंटेनन्स थकला आहे, त्यांना पार्किंग मिळणार नाही. पण 'मेंबर्स'नंतर एक आणि 'मेंटेनन्स'नंतर एक असे दोन स्वल्पविराम पडले आणि सूचनेचा अर्थच बदलला. इंग्रजी नीट वाचणाऱ्याला त्यातून कळलं ते असं, की सोसायटीच्या एकाही सदस्याने मेंटेनन्स भरलेला नाही, आणि म्हणून कोणालाच पार्किंग नाही. दोन्ही स्वल्पविराम खोडले की सूचना जागेवर येते.

इंग्रजी व्याकरणाचा मला अनेक वर्षांचा नाद आहे, आणि त्यातला हा कोपरा सर्वांत आवडता. हू, विच आणि दॅट यांतलं कुठलं निवडायचं, असं लोक विचारतात. माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की हे गौणवाक्य निवड करतंय, की जाता जाता माहिती पुरवतंय? सूचनेतलं गौणवाक्य सगळ्या सदस्यांतून काहींना वेगळं काढतं, म्हणजे निवड करतं. निवड करणाऱ्या गौणवाक्याला स्वल्पविराम लागत नाही. उलट 'माय मदर, हू टॉट मॅथ्स, लिव्ज इन सातारा' या वाक्यात आई एकच आहे. ती गणित शिकवायची हे कळलं नाही, तरी कोणती आई असा प्रश्न पडत नाही. ही जादा माहिती, म्हणून तिच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम हवेत.

ओळखायची रीत सोपी आहे. गौणवाक्यावर बोट ठेवायचं आणि उरलेलं वाक्य वाचायचं. 'द मेंबर्स विल नॉट गेट पार्किंग' असं वाचलं की लगेच 'कोणते मेंबर्स?' असं विचारावंसं वाटतं, आणि वाक्य खोटंही ठरतं. म्हणजे बोटाखालचा भाग निवडीचा. 'माय मदर लिव्ज इन सातारा' मात्र खरंही राहतं आणि पुरेसंही. कधी कधी याचं उत्तर वाक्यात नसतं, ते घरच्या माहितीत असतं. 'माय ब्रदर हू लिव्ज इन नागपूर' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलं, तर आणखी एखादा भाऊ दुसरीकडे राहतो असं वाचणारा धरून चालतो. एकुलता भाऊ असेल तर स्वल्पविराम द्यायलाच हवेत. विशेषनामांना एरवी निवडीची गरज नसते, कारण मुंबई एकच आहे. तरीही 'द मुंबई दॅट आय न्यू' असं म्हटलं, की मुंबईच्या अनेक रूपांतलं एक रूप निवडलं जातं, आणि तिथे स्वल्पविराम येत नाही. मला हे उदाहरण फार प्रिय आहे. नियम नामाला चिकटलेला नसून अर्थाला चिकटलेला आहे, हे त्यात दिसतं.

हे ठरलं की सर्वनामाची निवड बरीचशी आपोआप होते. माणसांसाठी हू, वस्तूंसाठी विच. दॅट दोघांनाही चालतं, पण फक्त निवडीच्या गौणवाक्यात. स्वल्पविरामांमध्ये बंद केलेल्या जादा माहितीत आजच्या इंग्रजीत दॅट जवळपास येत नाही. 'द मॅन दॅट कॉल्ड यू' हे अशुद्ध आहे, असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. औपचारिक लेखनात हू अधिक शोभतं, इतकंच. 'ऑल', 'एव्हरीथिंग', 'द ओन्ली' किंवा 'द बेस्ट' यांच्यामागून वस्तूंसाठी दॅट अधिक सहज येतं. सर्वनामाच्या आधी शब्दयोगी आला तर दॅट चालत नाही, तिथे 'इन विच'च लागतं. 'हूज' निर्जीव वस्तूंनाही बिनदिक्कत लावता येतं. आणि विच एकट्या नामालाच नव्हे, तर आधीच्या संपूर्ण विधानालाही जोडता येतं. 'ही पास्ड, विच सरप्राइज्ड अस' यात आश्चर्य पास होण्याच्या घटनेचं आहे. तिथे स्वल्पविराम हवाच.

आता ज्या चुकीकडे माझं लक्ष सारखं जातं, तिच्याकडे वळतो. मराठी माणसाच्या इंग्रजीत दोन स्वल्पविरामांपेक्षा एकच, तोही भलत्या जागी पडलेला, अधिक वेळा दिसतो. 'द स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फीज, शुड मीट द क्लार्क.' महाविद्यालयांच्या फलकांवर, लग्नाच्या निमंत्रणांत, बँकेच्या अर्जांत असली वाक्यं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. लिहिणारा दमून थांबला म्हणून तो स्वल्पविराम पडला, असं म्हणतात. मला ते कारण पुरेसं वाटत नाही. मूळ मराठी वाक्य मनात म्हणून पाहा – 'ज्या विद्यार्थ्यांनी फी भरलेली नाही, त्यांनी क्लार्कला भेटावे.' इथे मराठीत स्वल्पविराम हवाच. जो आणि तो यांच्या जोडीत गौणवाक्य आधी पूर्ण होतं, मग 'त्यांनी' येऊन मुख्य वाक्य सुरू होतं, आणि दोन वाक्यांच्या सीमेवर आपण श्वासही घेतो आणि चिन्हही देतो. इंग्रजीत ती सीमाच नसते. तिथे गौणवाक्य कर्त्याच्या पोटात बसलेलं असतं, आणि 'द स्टुडंट्स' पासून 'फीज' पर्यंतचा सगळा ऐवज एकच कर्ता असतो. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम घालणं आजच्या इंग्रजीला मान्य नाही. म्हणून एक तर दोन्ही, नाही तर एकही नाही. लिहून झाल्यावर स्वल्पविराम मोजून पाहिले, तरी ही चूक सापडते. अपवाद एकच. जादा माहिती वाक्याच्या शेवटी आली, तर दुसऱ्या स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम येतो.

इतिहासाचं कर्ज चार ओळींत फेडतो. इंग्रजीत संबंधी सर्वनाम म्हणून दॅट जुनं, हू आणि विच प्रश्नार्थक शब्दांतून पुढे आले. १६११ च्या बायबलच्या भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत देवालाही विच लावलेलं आहे. १७११ मध्ये अ‍ॅडिसन आणि स्टील यांच्या 'स्पेक्टेटर'मध्ये हू आणि विच यांनी दॅटविरुद्ध केलेला एक काल्पनिक अर्ज छापून आला होता. म्हणजे हा वाद तीनशे वर्षांपेक्षा जुना आहे.

निवडीच्या गौणवाक्यात वस्तूंसाठी दॅटच वापरावं आणि विच स्वल्पविरामांसाठी राखून ठेवावं, हा आग्रह मात्र बराच नंतरचा. तो जोरात मांडला हेन्री फाउलर याने, १९२६ च्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज' या कोशात. फाउलरवर थोडं रेंगाळल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही. शिक्षकाची नोकरी सोडून तो इंग्लिश खाडीतल्या गर्न्झी बेटावर धाकट्या भावाजवळ, फ्रान्सिसजवळ, राहिला. दोघांनी मिळून १९०६ मध्ये 'द किंग्ज इंग्लिश' लिहिलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हेन्रीचं वय छप्पन्न होतं. ते कमी सांगून तो भावासोबत सैन्यात भरती झाला. फ्रान्सिस १९१८ मध्ये क्षयाने गेला, आणि १९२६ चा कोश हेन्रीने त्याच्या स्मृतीला अर्पण केला. या माणसाच्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे. दोन कामं दोन शब्दांत वाटून दिली तर भाषा स्पष्ट होईल, असं त्याचं म्हणणं होतं. पण बहुसंख्य लेखक, इतकंच काय, उत्तम लेखकही असं लिहीत नाहीत, हेही त्याने त्याच जागी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पुढे अमेरिकेत हा सल्ला नियम होऊन बसला. १९५९ मध्ये ई. बी. व्हाइटने आपले गुरू स्ट्रंक यांचं छोटं पुस्तक वाढवलं, त्यातही जादा विच शोधून काढण्याचा उपदेश आहे. व्हाइटच्या स्वतःच्या निबंधांत मात्र स्वल्पविरामाशिवायचं विच सापडतं. ब्रिटनमध्ये ते कधी चूक मानलं गेलंच नाही. माझं मत विचाराल तर, अमेरिकन नियतकालिकाला लेख पाठवताना दॅट वापरा, एरवी दोन्ही चालवा. स्वल्पविराम मात्र कुठेही ऐच्छिक नाही.

याच नियमामुळे एक नवा धोका उभा राहिला आहे. टंकलेखनाच्या संगणकीय प्रणालीत तुम्ही 'द फाइल विच वॉज लॉस्ट' असं लिहिलंत, तर व्याकरण तपासणारा भाग विचखाली रेघ मारतो आणि सुचवतो, की एक तर विचच्या आधी स्वल्पविराम द्या, नाही तर विचच्या जागी दॅट लिहा. कार्यालयांत घाईत पहिली सूचना स्वीकारली जाते. 'द फाइल्स, विच वेअर लॉस्ट' असं झालं की काही फाइली हरवल्याचं पत्र सगळ्याच हरवल्याची कबुली देतं. यंत्राला शब्दांची ठेवण दिसते. किती फाइली हरवल्या, हे त्याला कुठून कळणार?

न्यायालयात स्वल्पविरामाला किती वजन द्यायचं, यावर भारतात वेगवेगळे निकाल आहेत. महाराष्ट्राशी जोडलेला एक मला फार बोलका वाटतो. १९७९ च्या मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात औषध कायद्यातलं एक कलम सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. त्यात औषधाचा साठा करणं आणि विक्रीसाठी मांडणं यांचे शब्द सलग होते. साठ्याच्या शब्दानंतर स्वल्पविराम नाही, या गोष्टीला न्यायालयाने महत्त्व दिलं आणि नुसता साठा नव्हे, विक्रीसाठीचा साठा हाच गुन्हा, असा अर्थ लावला. तिथे गौणवाक्य नव्हतं, पण प्रश्न आपलाच. मागून आलेले शब्द आधीच्या कशाकशाला लागतात?

भाषांतर करताना हा प्रश्न टाळताच येत नाही. एका मृत्युपत्राचा मराठी मसुदा एका परिचितांनी इंग्रजीसाठी माझ्याकडे आणला. त्यात लिहिलं होतं, 'नाशिकला राहणाऱ्या माझ्या मुलांना शेत मिळावे.' मराठीत हे वाक्य निर्दोष आहे, पण त्यातून दोन अर्थ निघतात. सगळी मुलं नाशिकला असतील, तर 'राहणाऱ्या' ही नुसती ओळख. काही मुलं पुण्यात असतील, तर तीच निवड. जो आणि तो वापरून 'माझी जी मुलं नाशिकला राहतात, त्यांना' असं लिहिलं असतं, तर निवडीचा अर्थ निश्चित झाला असता. धातुसाधित विशेषण तेवढं सांगत नाही. इंग्रजीत मात्र 'माय सन्स'नंतर स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे व्याकरणाचं कुठलंही पुस्तक सांगू शकत नव्हतं. फोन करून विचारावं लागलं. त्यांना तीन मुलगे होते, दोन नाशिकला आणि एक बंगळूरला, आणि शेत दोघांनाच द्यायचं होतं. स्वल्पविराम न देता वाक्य लिहिलं, आणि वकिलांच्या सांगण्यावरून पुढे दोघांची नावंही घातली.